बटाटाची नाही, बटाट्याची: तिसरीतल्या मुलासाठी घरचं व्याकरण

पत्र

माझा मुलगा तिसरीत आहे, ठाण्यातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण सोसायटीत खेळताना सगळी मुलं हिंदीत बोलतात. तो 'बटाटाची भाजी', 'शाळामध्ये', 'माझी दप्तर' असं बोलतो आणि तसंच लिहितो. मराठीच्या बाईंनी वहीत 'व्याकरणाकडे लक्ष द्या' असा शेरा दिला. मी विभक्तीचा तक्ता पाठ करून घेतला. तो घडाघडा म्हणतो, पण बोलताना पुन्हा 'आजी डोंबिवलीला राहते आणि आत्या कळवाला'. चूक दाखवली की गप्प बसतो. आम्ही दोघंही नोकरी करतो, रोज पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ निघत नाही. घरी काय करता येईल?
एक आई, ठाणे

उत्तर

ताई, तुमच्या मुलाला प्रत्यय येतात. भाजी स्त्रीलिंगी म्हणून त्याने 'ची' लावला, 'चा' लावला नाही. 'कळवाला'मधला 'ला'ही बरोबर जागी आहे. त्याचं अडतं ते प्रत्ययाच्या एक पाऊल आधी. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी शब्द स्वतः थोडा वाकतो. बटाटा असतो तो 'बटाट्या' होतो आणि मग 'ची' येतो. शाळाची 'शाळे' होते, घरचं 'घरा' होतं, भिंतची 'भिंती' होते. शब्दाच्या या वाकलेल्या रूपाला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. तुम्ही पाठ करून घेतलेला तक्ता प्रत्ययांचा आहे. त्यात ला, ने, चा, त सगळे आहेत, पण त्यांच्या आधी बटाट्याचं काय करायचं हे त्यात नाही. म्हणून तक्ता येतो आणि भाजी चुकते.

मी शिक्षिका झाले तेव्हा पहिली काही वर्षं मीही तक्तेच पाठ करून घेत होते. एका मुलीने 'देव' हा शब्द सातही विभक्त्यांत न अडखळता चालवून दाखवला, आणि मधल्या सुटीत धावत येऊन मला म्हणाली, "बाई, कुत्राला लागलंय." त्या दिवसापासून मी तक्ता बाजूला ठेवला.

तुमचा मुलगा असं का बोलतो हे समजलं की त्याच्यावरचा राग निम्मा ओसरतो. इंग्रजीत शब्द वाकतच नाही. हिंदीत काही शब्द वाकतात, 'घोड़ा'चं 'घोड़े को' होतं, पण 'घर में' म्हणताना घर तसंच राहतं. मराठीत मात्र घरही वाकतं, भिंतही वाकते, शाळाही वाकते. रोज संध्याकाळी दोन तास 'घर में' ऐकणारं मूल 'घरमध्ये' म्हणतं, तेव्हा त्याने एक नियम नीट उचललेला असतो, फक्त शेजारच्या भाषेतला.

मराठी घरातलं मूल सामान्यरूप शिकतं ते सरळ शब्द आणि वाकलेला शब्द जवळजवळ ऐकून. "बटाटा दे गं. काय करतेस? बटाट्याची भाजी." खाली सांगते ते सगळे खेळ याच एका गोष्टीवर उभे आहेत: एकाच श्वासात तोच शब्द दोनदा यायला हवा, एकदा सरळ आणि एकदा वाकलेला. नियम सांगायचा नाही. 'सामान्यरूप' हा शब्दही त्याच्यासमोर उच्चारू नका, तो पुढच्या इयत्तांत येईल तेव्हा येईल.

कशाची भाजी?

हा खेळ भाजी निवडताना किंवा डबा भरताना खेळायचा. तुम्ही भाजीचं नाव घ्यायचं, त्याने 'ची भाजी' जोडून परत द्यायचं. पाच मिनिटं, आठ भाज्या, त्याहून जास्त नको. पण कुठल्या आठ हे महत्त्वाचं आहे. पहिल्या दिवशी तीन न वाकणाऱ्या घ्या: मेथी, भेंडी, चवळी. त्या आहेत तशाच राहतात, मेथीची, भेंडीची, चवळीची, त्यामुळे मुलाला सुरुवातीलाच तीन बरोबर मिळतात. मग बटाटा, कांदा, दोडका आणि घेवडा. शेवटी वांगं. तुम्ही वांगं म्हणा किंवा वांगे, बोलण्यात अनुस्वार येतो आणि पुस्तकात मात्रा, पण वाकल्यावर दोन्हींचं 'वांग्या'च होतं, म्हणून तिथे घोळ घालायचं कारण नाही.

तो 'कांदाची' म्हणाला तर काय करायचं, यावर सगळा खेळ अवलंबून आहे. 'चूक' म्हणायचं नाही, 'पुन्हा सांग' असंही नाही. आपण साधेपणाने म्हणायचं, "हो, कांद्याची भाजी. आणि दोडका?" बरोबर रूप त्याच्या कानावर लगेच पडतं आणि खेळ थांबत नाही. तो गप्प बसतो तो चुकीमुळे नव्हे, थांबवल्यामुळे. ही दुरुस्ती फक्त खेळाच्या मिनिटांत करा. तो शाळेतलं भांडण सांगत असेल तेव्हा कितीही 'शाळामध्ये' आलं तरी ऐकून घ्या.

माझी नात बंगळुरूला वाढते. मागे एका उन्हाळ्यात महिनाभर माझ्याकडे होती, तेव्हा आम्ही रोज सकाळी हा खेळ खेळायचो. पहिल्या दिवशी तिच्या आठांपैकी मेथी, भेंडी, चवळी तेवढ्या बरोबर आल्या, बाकी पाची सरळच्या सरळ. तीन दिवस मी फक्त परत म्हणत राहिले. चौथ्या दिवशी ती 'बटाट्याची' म्हणाली आणि लगेच मागोमाग 'कांदाची' म्हणाली. हे असंच होतं. एक शब्द आला म्हणजे त्याच्यासारखे सगळे आले असं नसतं, एकेक भाजी वेगवेगळी पिकते. आठवड्याच्या शेवटी आ-काराने संपणाऱ्या सगळ्या भाज्या तिला येऊ लागल्या आणि एक दिवस मी न विचारलेली भाजी तिने स्वतःहून वाकवली. मुळा. "आजी, आज मुळ्याची नको." खेळातल्या यादीत मुळा नव्हता. पाठांतर संपून समज सुरू झाली ती इथे.

दुसऱ्या आठवड्यात तिने मला आणखी एक गंमत दिली. म्हणाली, "माम्याला फोन लाव." तुमच्याकडेही हे होईल, तेव्हा दचकू नका. बटाटा-बटाट्या जुळलं की मूल तोच साचा मामालाही लावतं. ही चूक आधीच्या चुकीपेक्षा पुढची आहे, कारण 'माम्याला' हे रूप त्याने कुणाच्याही तोंडून ऐकलेलं नसतं, ते त्याने स्वतः तयार केलेलं असतं. मामा, काका, दादा, बाबा, आजोबा ही नात्यांची नावं वाकत नाहीत, मामाला, दादाला, आजोबांना. राजाही तसाच, राजाला. "हो, मामाला लावूया," एवढंच म्हणायचं. हे शब्द घरात इतक्यांदा येतात की काही दिवसांत आपोआप सरळ होतात.

भाज्या बसल्या की त्याच सुरात 'कशाची भाकरी' घ्या. ज्वारीची, बाजरीची, नाचणीची सोप्या. मग तांदूळ. तांदूळ वाकताना आतला 'दू'सुद्धा बदलतो, तांदळाची. आणि पोळी कशाची, तर गव्हाची. हे शब्द अवघड आहेत, ते आठवड्याला एक या हिशेबाने येऊ द्या. फ्लॉवर आणि टोमॅटो वाकत नाहीत, फ्लॉवरची, टोमॅटोची. मुलगा विचारेल का म्हणून. बाहेरून आलेले शब्द कधी वाकतात, कधी नाही, एवढं उत्तर पुरे, आणि ते खरंही आहे.

आजीकडे जाताना

तुम्ही मध्य रेल्वेवर राहता, म्हणजे तुमच्या दारातच सामान्यरूपाचा उत्तम धडा टांगलेला आहे. ठाण्याहून डोंबिवलीकडे धीम्या लोकलने निघालात की स्टेशनं येतात ती अशी: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. पहिली तीन लागोपाठ आ-काराने संपणारी. कळव्याला, मुंब्र्याला, दिव्याला. कोपर आणि डोंबिवली 'ला' लागताना तशीच राहतात. खेळ असा की गाडी स्टेशनात शिरताना मुलाने त्याचं नाव घ्यायचं आणि तिथे कोण उतरणार हे ठरवायचं. "कळवा. कळव्याला आत्या उतरणार. मुंब्रा. मुंब्र्याला ती लाल पिशवीवाली बाई उतरणार." पुढे कुणी खरंच उतरलं की त्याला एक गुण. मुलं या खेळात इतकी रंगतात की आपण व्याकरण करतोय हे त्यांच्या लक्षातही येत नाही, आणि सरळ नाव मागून वाकलेलं नाव, हा क्रम मात्र प्रत्येक स्टेशनाला पाळला जातो.

परतीच्या प्रवासात 'हून' घ्या. डोंबिवलीहून ठाण्याला, दिव्याहून ठाण्याला, मुंब्र्याहून ठाण्याला. 'ठाणे' हा शब्द एकारान्त असून वाकतो आणि 'ठाण्या' होतो, पुणे-पुण्याला आणि धुळे-धुळ्यालासारखा. कधी दादरकडे गेलात तर कुर्ला आणि माटुंगा आहेतच, आणि त्यांच्या अधेमधे विक्रोळी, घाटकोपर, दादर ही न वाकणारी. गाडीत जायला मिळालं नाही तर घरी खुर्च्यांची रांग लावून लोकल करा, तेवढीच चालते.

एक बारीक गोष्ट तुम्हाला माहीत असावी, म्हणजे मुलाने पकडलं तर गोंधळ होणार नाही. आपण 'सोलापूरला गेलो' म्हणतो, पण 'सोलापुरात राहतो' म्हणतो. गावाचं नाव 'ला' लागताना सरळ राहिलं तरी 'त' लागताना वाकतं. दोन्ही बरोबर आहेत. 'कोल्हापूरला' आणि 'कोल्हापुरात' हेही तसंच.

एक, दोन आणि वर

हा खेळ माझा सगळ्यात आवडता आहे, कारण यात मराठीचा एक नियम लपलेला आहे जो मोठ्यांनाही सहसा माहीत नसतो. भिंत आणि वाट हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी आहेत, दोन्हींच्या शेवटी अ-कार. मग 'भिंतीवर' आणि 'वाटेवर' असं वेगळं का? उत्तर अनेकवचनात आहे. एक भिंत, दोन भिंती. एक वाट, दोन वाटा. ज्या शब्दाचं अनेकवचन ई-काराने संपतं तो वाकताना ई घेतो, ज्याचं आ-काराने संपतं तो ए घेतो. विहीर, विहिरी, विहिरीत. चूल, चुली, चुलीवर. उलट खाट, खाटा, खाटेवर. मान, माना, मानेवर. चिंच, चिंचा, चिंचेची चटणी. शेंग, शेंगा, शेंगेत. इतकंच काय, बाहेरून आलेली बॅगसुद्धा या रांगेत येऊन बसली आहे: एक बॅग, दोन बॅगा, बॅगेत.

मुलाला हे काही सांगायचं नाही. टाळीचा खेळ खेळायचा. पहिल्या टाळीला 'एक भिंत', दुसऱ्या टाळीला 'दोन भिंती', आणि तिसऱ्याला त्या भिंतीवर काय आहे ते सांगायचं, 'भिंतीवर पाल'. एक खाट, दोन खाटा, खाटेवर मांजर. अनेकवचन तोंडात असल्यामुळे तिसरी टाळी आपोआप बरोबर पडते. दुसऱ्या टाळीलाच अडखळला तर समजायचं की अडचण वाकण्यात नाही, अनेकवचनात आहे. मग दोन दिवस फक्त पहिल्या दोन टाळ्या खेळा.

'माझी दप्तर' यावर इलाज करायचा तोही याच खेळात. लिंग विचारून कळत नाही. 'दप्तर स्त्रीलिंगी की नपुंसकलिंगी' हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलाला विचारण्यात अर्थ नाही, तो अंदाज मारतो. पण दोनमध्ये लिंग दिसतं. एक दप्तर, दोन दप्तरं. एक घर, दोन घरं. शेवटी अनुस्वाराचा तो आवाज आला की 'माझं'. एक हात, दोन हात, काहीच बदललं नाही की 'माझा'. भिंती किंवा वाटा आल्या की 'माझी'. हे अ-काराने संपणाऱ्या शब्दांपुरतं आहे. आ-काराने संपणाऱ्यांत आंबा-आंबे झालं की माझा, शाळा-शाळा राहिलं की माझी. वर्गात मी सांगायचे की शंका आली की दोन मोजून बघ. पोरं खरंच बोटं पुढे करून मोजायची.

याचा सराव धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना छान होतो. पलंगावर तीन ढीग करायचे, बाबांचा, बाबांची, बाबांचं. शर्ट आणि रुमाल पहिल्यात, पँट आणि चादर दुसऱ्यात, पांघरूण आणि धोतर तिसऱ्यात. प्रत्येक कपडा ढिगावर टाकताना मोठ्याने म्हणायचं: "बाबांचा रुमाल, बाबांची चादर, बाबांचं पांघरूण." चुकीच्या ढिगात पडला तर तो उचलून बरोबर ढिगात ठेवा आणि तुमच्या तोंडून एकदा म्हणा. काही शब्दांवर मात्र घरात वाद घालू नका. बाग, वेळ, ढेकर, मजा यांसारखे शब्द मराठीत दोन लिंगांत चालतात, 'मजा आली' आणि 'मजा आला' दोन्ही ऐकू येतात. आजी एक म्हणत असेल आणि तुम्ही दुसरं, तर दोघीही बरोबर आहात, आणि मुलासमोर एकमेकींना दुरुस्त करू नका.

लिहिताना: चौकटीची झाकणपट्टी

वरचे खेळ निदान दोन आठवडे झाल्याशिवाय लिहायला घेऊ नका. जे रूप तोंडात नाही ते हातात येत नाही.

गणिताची चौकटीची वही घ्या. एका चौकटीत एक अक्षर, या पद्धतीने 'बटाटा' लिहायचं: ब, टा, टा. तीन चौकटी. आता त्याच वहीच्या दुसऱ्या पानातून दोन चौकटींची पट्टी कापून तिच्यावर लिहायचं: ट्या, ची. ही पट्टी शेवटच्या 'टा'वर ठेवली की खालचा 'टा' झाकला जातो आणि वाचताना येतं बटाट्याची. पट्टी उचलली की पुन्हा बटाटा. शाळा लिहून 'ळेत' झाकायचं, घर लिहून 'रात', भिंत लिहून 'तीवर'. पहिल्या चार पट्ट्या तुम्ही करा, पुढच्या त्याने कापायच्या. कुठलं अक्षर झाकायचं आणि झाकणावर काय लिहायचं हे ठरवताना तो शब्द तीन-चार वेळा पुटपुटतो, आणि तेच आपल्याला हवं आहे.

या पट्टीचा आणखी एक फायदा आहे. हिंदी लिहिण्याची सवय असलेली मुलं 'आजी ला', 'बटाटा ची' असे दोन शब्द तोडून लिहितात, कारण हिंदीत 'दादी को' तोडूनच लिहितात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो. झाकण खालच्या अक्षराला चिकटून बसलेलं दिसलं की मुलाला हे सांगावं लागत नाही. घरातल्या मोठ्यांनीही मोबाइलवर निरोप टाइप करताना 'पुणे ला' असं न लिहिता 'पुण्याला' लिहावं, कारण तिसरीतलं मूल ते निरोप वाचतं.

दूध-दुधात, मीठ-मिठात, फूल-फुलाला यांत दीर्घ अक्षर ऱ्हस्व होतं. ते ऐकून फारसं कळत नाही, लिहूनच बसतं, आणि तिसरीत त्यासाठी अडून बसू नका. बोलणं सरळ झाल्यावर चौथीत ते घ्या.

काम होतंय हे कसं ओळखायचं

खेळ सुरू करण्याच्या आदल्या दिवशी, गप्पा मारता मारता, त्याला सहा प्रश्न विचारा. पाल कुठे बसते? मासा कुठे राहतो? भरीत कशाचं करतात? पोळ्या कशात ठेवल्या? सकाळी कुठे गेला होतास? आत्याचं घर कुठे आहे? अपेक्षित उत्तरं अशी: भिंतीवर, पाण्यात, वांग्याचं, डब्यात, शाळेत, कळव्याला. तो काय म्हणाला ते जसंच्या तसं लिहून ठेवा, त्याला दाखवू नका. तीन आठवड्यांनी तेच प्रश्न पुन्हा गप्पांमध्ये येऊ द्या. सहापैकी दोनाच्या जागी चार आली तर खेळ नीट चालला आहे. आकडा तोच राहिला पण मधे कुठे 'माम्याला' ऐकू आलं असेल, तरीही खेळ नीट चालला आहे, आणखी दोन आठवडे द्या.

काहीच हललं नाही तर पहिली शंका वेळेची घ्या. रविवारी तासभर खेळण्यापेक्षा रोज पाच मिनिटं बरी, कारण रूपं कानावर पडत राहावी लागतात. दुसरी शंका अशी की त्याला तो शब्दच माहीत नाही. ज्याने दोडका पाहिलेला नाही तो दोडक्याची म्हणणार नाही, बाजारात घेऊन जा. आणि तुमच्या मुलाबाबत तसं पत्रावरून वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी सांगते: मूल ज्या भाषेत जास्त बोलतं त्या भाषेतही वाक्यं तुटत असतील, सांगितलेलं समजत नसेल किंवा हाक ऐकू येत नसेल, तर तो या खेळांचा विषय नाही. आधी कान तपासून घ्या आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना भेटा.

बाईंना वहीत चार ओळी लिहा. 'घरी बोलण्यातून सराव घेत आहोत, महिनाभर लिहिण्यातल्या या चुकांवर लाल शाईने फुली न मारता बरोबर रूप बाजूला लिहून द्यावं' एवढं पुरे. बहुतेक शिक्षिका हे आनंदाने करतात.

फ्रिजवर लावायचा कागद

सोमवार आणि मंगळवार, डबा भरताना: मेथी, भेंडी, चवळी, बटाटा, कांदा, दोडका, घेवडा, वांगं. कशाची भाजी? चुकलं तर बरोबर रूप आपण म्हणायचं आणि पुढची भाजी घ्यायची.

बुधवार, जेवणानंतर, तीन टाळ्या: भिंत, खाट, विहीर, वाट, चूल, बॅग. एक, दोन, आणि वर किंवा आत काय आहे?

गुरुवार, कपड्यांच्या घड्या: तीन ढीग. शंका आली की दोन मोजून बघायचं.

शुक्रवार: पुन्हा भाज्या, पण आज नावं तो घेणार आणि उत्तर आईने द्यायचं. आईने मुद्दाम एकदा 'बटाटाची' म्हणायचं आणि त्याने पकडायचं. दिवसाला एकच चूक, आणि ती पकडली गेल्यावर बरोबर रूप दोघांनी मिळून म्हणायचं.

शनिवारी सुटी. तिसऱ्या आठवड्यापासून शनिवारी झाकणपट्टी, चार शब्द.

रविवार, आजीकडे जाताना: कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली. कुठे कोण उतरणार? परत येताना 'हून'. आजीला आधी फोन करून सांगून ठेवा की दारात आल्या आल्या तिने विचारायचं, "कुठून आलास रे?" आणि तो 'ठाण्याहून' म्हणेपर्यंत दार अडवून उभं राहायचं.